नोकरी गेलेल्या जोडीदाराला पत्र: काय लिहायचं आणि काय गाळायचं

एकाच घरात राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला लिहायचं, हा प्रश्न पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर घराच्या आकारात आहे. दोन खोल्या, एक हॉल, सातवीतली मुलगी, सासूबाई, भिंतीपलीकडे शेजारी. अशा घरात नवराबायकोला मोकळं बोलायला रात्री साडेअकरानंतरचा वेळ मिळतो आणि तेव्हा दोघंही थकलेले असतात. शिवाय समोरासमोर बोललं की ऐकणाऱ्याला चेहरा सांभाळावा लागतो. धीर देणाऱ्याला बरं वाटावं म्हणून तो 'हो, ठीक आहे मी' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. पत्र वाचताना चेहरा सांभाळावा लागत नाही. ते अर्धवट वाचून ठेवता येतं, पुन्हा काढता येतं, आणि उत्तर द्यायची सक्ती नसते. हा शेवटचा गुण टिकवणं हेच लिहिणाऱ्याचं मुख्य काम आहे.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये काम केलंय. टेबलाच्या ज्या बाजूने बातमी दिली जाते, त्या बाजूने. बातमीनंतर घरी काय होतं ते ओळखीच्या जोडप्यांकडून कळत गेलं, काही जणी पत्राचे मसुदे वाचायला पाठवू लागल्या. त्यातून जे लक्षात आलं ते क्रमाने सांगते.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर धरू. तो चाकणजवळच्या वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात 12 वर्षं होता. लाइन दुसरीकडे हलवली आणि त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. ती सहकारी बँकेत आहे. मोशीत फ्लॅट, त्याचा हप्ता, मुलगी, आणि त्याची आई. पत्र ती लिहितेय. उलट बाजूचं, म्हणजे नवरा बायकोला लिहितोय त्याचं, पुढे वेगळं सांगेन, कारण तिथले खड्डे वेगळे आहेत.

कधी लिहायचं

बातमी आली त्या रात्री लिहू नका. पहिले चार-सहा दिवस त्याच्यासाठी तसेही गजबजलेले असतात: लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करणं, रिलिव्हिंग लेटर, हिशेबाचे मेल, सहकाऱ्यांचे फोन. या गडबडीत माणूस उभा असतो. फोन थांबतात आणि पहिला सोमवार येतो तेव्हा खरी पोकळी जाणवते. पत्र त्या सुमारास हातात पडावं. मात्र दोन गोष्टींच्या आधी: घराच्या हप्त्याची पहिली तारीख, आणि नातेवाइकांची पहिली मोठी भेट, मग ते लग्न असो, गणपती असो की रविवारचं जेवण. या दोन्ही वेळी त्याला एकटं वाटतं, आणि या दोन्हींविषयी पत्रात ठोस काही सांगता येतं.

लिहिण्याआधी दोन कागद

पहिला कागद तुमच्या स्वतःच्या भीतीचा. तुमचीही झोप उडालेली असते. 'आता सगळं माझ्या एकटीवर', 'मी तेव्हाच सांगत होते दुसरीकडे बघ', 'शाळेची फी कुठून भरायची' हे सगळं आधी एका कागदावर जसंच्या तसं उतरवा, शिव्यांसकट. मग फाडून टाका. ही मनाची साफसफाई वगैरे नाही, यामागे एक साधं कारण आहे. मिशिगन विद्यापीठातल्या अमिराम विनोकूर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये बेरोजगार झालेली माणसं आणि त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात दिसलं ते असं: पैशाचा ताण नोकरी गेलेल्यावर येतो तसाच जोडीदारावरही येतो, त्याने जोडीदार खचतो, आणि खचलेल्या जोडीदाराकडून आधार कमी आणि टोमणे जास्त मिळू लागतात. म्हणजे प्रेम असूनही हे होतं. भीतीला वेगळा कागद दिला नाही, तर ती पत्रातल्या एखाद्या गोड वाक्याच्या पोटात शिरते. 'तू फक्त खंबीर राहा, बाकी मी बघते' या वाक्यात ती कशी बसली आहे ते तुम्हीच बघा.

दुसरा कागद आकड्यांचा. 'पैशाची काळजी करू नकोस' हे वाक्य फुकट आहे, कारण काळजी कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. त्याऐवजी हिशोब करा. आपल्या उदाहरणातल्या घरात महिन्याचा खर्च असा आहे: घराचा हप्ता 26,000, किराणा-दूध-भाजी 14,000, वीज-गॅस-इंटरनेट आणि सोसायटीचा मेंटेनन्स 7,000, शाळा आणि बस 6,500, आईंची औषधं 3,500, पेट्रोल 4,000. एकूण 61,000. तिचा पगार हातात 42,000. म्हणजे दरमहा 19,000 कमी पडतात. बँकेत आणि एफडीत मिळून 2,40,000 आहेत. त्यातले 30,000 आरोग्य विम्यासाठी बाजूला काढले (त्याबद्दल लगेच सांगते), तर उरले 2,10,000. भागिले 19,000, म्हणजे अकरा महिने.

यात त्याच्या कंपनीकडून येणारं काहीही धरलेलं नाही, आणि मुद्दाम धरलेलं नाही. 5 वर्षांपेक्षा जास्त सलग नोकरी झाली असल्याने त्याला ग्रॅच्युइटी मिळेल. शेवटचं बेसिक आणि डीए मिळून समजा 36,000 असेल, तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं: 12 वर्षांचे सुमारे 2,49,000 होतात. कायद्याने ती 30 दिवसांत द्यायची असते. पण हातात येईपर्यंत तो आकडा हिशोबात घेऊ नये, कारण पैसे लांबले तर तुमचा आकडा खोटा ठरतो आणि त्याबरोबर पत्रही. पीएफ तर या टप्प्यावर विसरूनच जा.

विम्याचं काम मात्र पत्राच्या आधी हातात घ्या. कंपनीचा गटविमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि त्यातच आईवडिलांचं संरक्षण असतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, म्हणजे आधीच्या आजारांसाठी झालेली प्रतीक्षा वाया जात नाही. पण त्यासाठी शेवटच्या दिवसाच्या आत विचारणा केलेली बरी. हे काम कोणी करायचं यावर चर्चा करत बसू नका. फॉर्म मागवा आणि भरायला घ्या.

दया आणि दबाव कुठल्या वाक्यांत लपतात

नवख्या माणसाच्या मसुद्यात दया सहसा 'बिचारा' या शब्दाने येत नाही. ती भूतकाळाने येते. 'तू किती मेहनत घ्यायचास, टीममधल्या सगळ्यांना सांभाळून घ्यायचास, तुझ्यासारखा माणूस त्यांना मिळणार नाही.' ही वाक्यं शोकसभेतल्या भाषणासारखी वाजतात. माणूस समोर धडधाकट बसलाय आणि त्याच्या गुणांना 'होता' लागलंय. गुण सांगायचाच असेल तर वर्तमानकाळात सांगा आणि नोकरीच्या बाहेरचा सांगा, जो कारखान्याच्या गेटवर जमा करावा लागला नाही. आणि तो तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला असू द्या. 'तू हुशार आहेस' यावर तो मनातल्या मनात वाद घालू शकतो. काल घरात घडलेल्या गोष्टीवर त्याला वाद घालता येत नाही.

दयेचं दुसरं रूप म्हणजे घाईघाईने अर्थ लावणं. 'जे होतं ते चांगल्यासाठीच', 'त्यांचंच नुकसान', 'बरंच झालं, तुला तिथे तसंही सुख नव्हतं.' शेवटचं वाक्य तर कधीच नको. सुख नव्हतं हे कदाचित खरं असेल, पण सोडून येणं आणि काढलं जाणं यात जो फरक आहे, तोच त्याला रात्रभर जागवतोय.

दबाव भविष्यकाळात राहतो. 'लवकरच मिळेल' हे वाक्य तुम्ही धीर म्हणून लिहिता. तिसऱ्या महिन्यात तेच वाक्य त्याला उशीर मोजायला लावतं. 'तुला कोणीही घेईल' म्हटलं की नकार आलेला प्रत्येक मेल त्याला तुमच्यापासून लपवावासा वाटतो. 'माझ्या मावसभावाला तुझा सीव्ही पाठवलाय' ही मदत वाटते, पण न विचारता केली तर आता त्याला मावसभावाच्या फोनची वाट बघावी लागते, शिवाय त्या घरात बातमी गेलेली असते. 'या वेळात तो कोर्स करून घे', 'आता तरी आपलं काहीतरी सुरू कर' ही वाक्यं तुम्ही नोकरी असताना म्हणत असाल तर तेव्हा त्यांचा अर्थ वेगळा होता.

एक दबाव असा आहे जो दबाव म्हणून दिसतच नाही: 'चिनूला मी काही कळू दिलेलं नाही.' तुम्ही त्याला वाचवायला जाता आणि त्याला रोज सकाळी मुलीसमोर नाटक करायची जबाबदारी देता. मुलांना सांगायचं की नाही हे दोघांनी ठरवायचं आहे. पत्रात ते परस्पर ठरवून कळवू नका.

मग पत्रात उरतं काय? थोडंच उरतं, आणि तेवढंच पुरतं. मानसशास्त्रज्ञ नायल बोल्जर आणि सहकारी यांचं 2000 सालचं एक काम मला यासाठी नेहमी आठवतं. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे आणि त्यांचे जोडीदार यांना रोज वेगवेगळी डायरी लिहायला सांगितली होती. जोडीदाराने मदत केल्याचं लिहिलंय पण परीक्षा देणाऱ्याच्या ते लक्षातच आलेलं नाही, अशा मदतीचा फायदा सर्वांत जास्त दिसला. मदत होतेय हे लक्षात आलं की उलट त्रास होत होता, कारण मदत दिसली की आपण मदतीचे गरजू आहोत हेही दिसतं. म्हणून तुम्ही जे काही करणार आहात त्यातलं बरंचसं पत्रात लिहायचंच नाही. आईंची औषधं आणायला तुम्ही जायला लागलात तर जा. लिहू नका. ज्या गोष्टी न सांगितल्याने त्याला धक्का बसेल किंवा तो अंदाज बांधत बसेल, तेवढ्याच लिहा.

पत्राची बांधणी

मायना घरात जी हाक मारता तोच. आयुष्यभर 'अहो' म्हणत असाल तर 'अहो', नावाने बोलवत असाल तर नाव, 'अरे' तर 'अरे'. एरवी कधी न वापरलेलं 'प्रिय' पहिल्याच ओळीत आलं की त्याला कळतं, आज काहीतरी खास चाललंय माझ्यासाठी.

पहिल्या परिच्छेदात झालेली गोष्ट सरळ नावानिशी घ्या, पण त्याने जे शब्द वापरले तेच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काढत नाहीत, राजीनामा लिहून घेतात. कोणी 'काढलं' म्हणतो, कोणी 'कॉस्ट कटिंगमध्ये गेलो', कोणी 'मीच सोडली' म्हणतो आणि त्यामागे काय आहे ते दोघांनाही माहीत असतं. त्याचा शब्द दुरुस्त करू नका. 'जे काही झालं ते' असं मात्र लिहू नका, त्याने गोष्ट लाजिरवाणी होते.

दुसऱ्यात पैसा, एकाच आकड्यात. सगळा तक्ता पत्रात नको. पण आकडा दिला की तो मुदत बनायचा धोका असतो: अकरा महिने आहेत म्हणजे अकरा महिन्यांत नोकरी लागलीच पाहिजे. म्हणून आकडा कशासाठी दिलाय ते लगेच त्याच ठिकाणी लिहा. आणि जे निर्णय दोघांचे आहेत, गाडी विकणं, एसआयपी थांबवणं, मुलीचा क्लास बंद करणं, ते तुम्ही घेतलेले नाहीत हे स्पष्ट सांगा. कमावणारी व्यक्ती एक झाली की सगळे निर्णय नकळत तिच्याकडे सरकतात, आणि नोकरीबरोबर घरातला शब्दही गेला असं दुसऱ्याला वाटू लागतं.

तिसऱ्यात लोक. 'सध्या कुठे?' हा आपल्या समाजातला नमस्काराच्या पाठोपाठ येणारा प्रश्न आहे, त्यामुळे याला जागा द्यावीच लागते. कोणाला, कधी, काय सांगायचं हे त्याच्यावर सोडा आणि तोपर्यंत तुम्ही काय बोलाल ते एका वाक्यात सांगा. तुमच्या माहेरच्यांचा उल्लेख वेगळा करा. त्याचा सगळ्यात मोठा खटका तिथेच असतो.

शेवटी ती एक पाहिलेली गोष्ट. आणि उत्तर नको आहे हे.

सगळं मिळून एका कागदाच्या दोन बाजू. त्याहून मोठं झालं तर ते तुमच्यासाठी लिहिलं जातंय.

आपल्या उदाहरणातलं पत्र

अरे,

परवा तू म्हणालास, 'कंपनीने राजीनामा लिहून घेतला.' तसंच आहे ते, आणि मी ते दुसऱ्या शब्दांत गुंडाळणार नाही. बारा वर्षं काम केलेल्या माणसाला अर्ध्या तासात बाहेर काढणं वाईट आहे. मला राग आलाय. तुझा नाही.

मला आकडा दिसल्याशिवाय झोप लागत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून मी हिशोब लिहून काढला. माझा पगार आणि आपली बचत धरून, आत्ता चाललंय तसंच चाललं तर अकरा महिने निघतात. तुझा पीएफ, ग्रॅच्युइटी, कंपनीकडून यायचं ते, यातलं काहीच धरलेलं नाही. ही मुदत नाही. रात्री दोनला डोक्यात बेरीज-वजाबाकी सुरू झाली तर सुरुवात कुठून करायची ते माहीत असावं, एवढ्यासाठी सांगितलं. कागद कपाटात पासबुकांच्या खणात आहे. गाडीचा, एसआयपीचा, कसलाच निर्णय मी घेतलेला नाही. ते दोघांचं आहे आणि त्याला घाई नाही.

आईंच्या विम्याचा फॉर्म मी मागवलाय. सही लागेल तिथे खूण करून ठेवते.

कोणाला काय सांगायचं ते तू ठरव. तोवर मला कोणी विचारलं तर 'त्याच्याशीच बोला' म्हणेन. माझ्या आईलाही तेच.

संध्याकाळी घरी आल्यावर 'आज काय झालं' असं मी विचारणार नाही. तू सांगशील तेव्हा ऐकायला आहे. नाही सांगितलंस तर आपण नेहमीसारखं चिनूच्या शाळेवर आणि वरच्या मजल्यावरच्या पाणीगळतीवर बोलू.

एक सांगायचं राहिलं. मिक्सर बिघडला होता तेव्हा तू तो उघडून बसला होतास आणि चिनूला सांगत होतास, 'आधी काय बिघडलेलं नाही ते बघ.' काल तिचं गणित अडलं होतं. ती स्वतःशीच पुटपुटत होती, 'इथपर्यंत बरोबर आहे, इथपर्यंत बरोबर आहे.' मी ओट्यापाशी उभी राहून ऐकलं. तुला सांगावंसं वाटलं.

शनिवारी मंडईत जायचंय, नेहमीसारखं. याला उत्तर लिहू नकोस.

पत्र वाचून बघताना

या पत्रात एकही प्रश्नचिन्ह नाही, ते बघा. प्रश्न म्हटला की उत्तर देणं आलं. तुमच्या मसुद्यातली प्रश्नचिन्हं शोधा आणि प्रत्येक वाक्य विधानात बदला किंवा काढून टाका. मग आज्ञार्थ शोधा: कर, बघ, राहा, ठेव. वरच्या पत्रात त्याला उद्देशून दोनच आहेत, 'तू ठरव' आणि 'उत्तर लिहू नकोस'. एकाने हक्क परत दिलाय, दुसऱ्याने काम कमी केलंय. तुमच्याकडे याहून वेगळे आज्ञार्थ दिसले तर तिथे बहुधा दबाव आहे.

रागाचं वाक्य काढायचा मोह होईल, कारण आपल्याला पत्र शांत हवं असतं. राहू द्या. मात्र रागाचं तोंड कुणाकडे आहे ते त्याच ओळीत लिहा, नाहीतर तो स्वतःकडे ओढून घेईल. नोकरी गेलेला माणूस पहिल्या महिन्यात घरातला प्रत्येक उसासा स्वतःच्या नावावर जमा करत असतो.

'मी तुझ्यावर प्रेम करते' हे वरच्या पत्रात नाही, आणि मला ते खटकत नाही. तुमच्या घरात तसं बोलायची रीत असेल तर लिहा. नसेल तर याच वेळी सुरू करू नका.

नवरा बायकोला लिहितो तेव्हा

इथे दयेचं वाक्य वेगळं असतं आणि ते उदारपणाचा वेष घेऊन येतं: 'आता थोडे दिवस निवांत घरी राहा, तुझ्या पगारावाचून काही अडत नाही.' हिशोबाने ते खरं असेलही. पण तिने इतकी वर्षं सकाळी सहाला उठून डबे भरून जी लोकल पकडली, ती हौस होती असा त्याचा अर्थ निघतो. 'मुलांना आता आई मिळेल' हे त्याहून वाईट, कारण त्यात गेल्या सगळ्या वर्षांचा आरोप आहे. तिचा पगार कुठे जात होता ते लिहा. 'घराच्या हप्त्यातला निम्मा तुझ्या पगारातून जायचा. तो आता माझ्या पगारातून जाईल, आणि मला त्याचं वजन कळतंय.' इथे भूतकाळ चालतो, कारण तो पैशाचा आहे, माणसाचा नाही.

दुसरी गोष्ट घरकामाची. ती घरी आहे म्हणून कामवाल्या मावशींना नको सांगायचं, डबा गरम मिळेल, पाहुणे राहायला येऊ शकतात, असं कोणी न बोलताही घर धरून चालतं. पत्रात एक ओळ पुरेशी आहे: मावशी येत राहतील, सकाळचा चहा आणि मुलांची तयारी माझ्याकडे आहे तशीच राहील. आणि मग ती राहिली पाहिजे. आईला 'ती आता घरीच असते' असं फोनवर सांगितलंत तर पत्र तिथेच संपलं.

हातात कसं द्यायचं

कागदावर, हाताने. व्हॉट्सॲपवर पाठवलं की निळ्या खुणा उमटतात, आणि वाचलं पण बोलला नाही असा हिशोब दोन्हीकडे सुरू होतो. ज्या जागी फक्त त्याचा हात जातो तिथे ठेवा: हेल्मेट, चष्म्याची पेटी, तो वाचत असलेलं पुस्तक. उशीखाली नको. झोपताना सापडलेलं पत्र वाचून तुमच्या शेजारीच पडून राहावं लागतं. तुम्ही ऑफिसला गेल्यावर सापडेल असं बघा, म्हणजे मधले आठ तास त्याचे असतील.

आणि 'वाचलंस का?' विचारू नका. तो विषय काढेल किंवा काढणार नाही. पत्र वाचल्याची खूण बहुतेक वेळा दुसरीकडेच दिसते. कपाटातल्या हिशोबाच्या कागदावर पेन्सिलने एखादी दुरुस्ती झालेली असते.

चुकीचं लागलं तर कसं ओळखायचं

पत्र दबाव म्हणून लागलं असेल तर तो हजेरी देऊ लागतो. तुम्ही चप्पल काढताय तोवर, न विचारता, 'आज चार ठिकाणी अर्ज केले' असं सांगतो. हे ऐकून खूश होऊ नका आणि 'छान' पण म्हणू नका, कारण छान म्हटलं की उद्याचीही हजेरी आली. 'बरं' म्हणा आणि नेहमीचं काहीतरी बोला. आठवडाभरात हजेरी सैल पडते.

दया म्हणून लागलं असेल तर तो पाहुण्यासारखा वागतो. चहा दिला की थँक्यू, पंखा लावू का म्हणून परवानगी, स्वतःसाठी दाढीचं ब्लेड आणायचं तरी सांगून. यावर दुसरं पत्र लिहू नका. त्याच्याकडे काहीतरी हक्काने मागा. भांडणही चालेल. गॅसची सिलिंडर कोणी बुक करायची होती यावरून नेहमीसारखी कटकट झाली की पुष्कळ गोष्टी जागेवर येतात.

काही वेळा मात्र पत्र हे साधनच नसतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, दारू वाढलीय, किंवा 'माझ्यामुळे तुमचे हाल', 'मी नसतो तर बरं' अशी वाक्यं येत असतील, तर लिहीत बसू नका. त्याला सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. फोन जोडीदारानेही केला तरी चालतो.

दुसऱ्या पत्राची गरज बहुधा पडत नाही. अपवाद एकच: पत्रात दिलेला आकडा बदलला तर. ग्रॅच्युइटी जमा झाली, किंवा आईंचं ऑपरेशन निघालं आणि बचत घटली, तर दोन ओळींची चिठ्ठी त्याच हिशोबाच्या कागदाला पिन करून ठेवा: नवा आकडा, आणि तो कशामुळे बदलला ते.